‘चांगल्या ठिकाणी गेला’ म्हणण्यापूर्वी

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबले, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते; ५७ माणसे बेपत्ताच राहिली. अशा घरी जाऊन ‘तो चांगल्या ठिकाणी गेला’ असे कसे म्हणावे? आपले माणूस नेमके कोठे आहे, हेच तर त्यांना ठाऊक नाही. शिवाय आपले घर त्याच्यासाठी वाईट ठिकाण होते काय, हा सल मागे उरतो.

मृत बालक उराशी धरून आलेल्या किसा गोतमीला तथागतांनी असे सांत्वन दिले नाही. ज्या घरी मृत्यू झाला नाही, तेथून मोहरी आणण्यास सांगितले. दारोदारी तिला समदुःखी भेटले. आपणही गेलेल्याचे नाव घ्यावे, आठवणी विचाराव्यात आणि ऐकत बसावे.