पाकिटाची दर्शनी बाजू विशेषणांनी उभी राहत नाही

भोकरच्या किराणा दुकानात मसाल्यांची फळी पाहिली की तिथे आधीपासून कोण बसले आहे ते कळते. सुहाना, अंबारी, एव्हरेस्ट यांची पाकिटे ओळीने लागलेली असतात. त्यांच्या शेजारी भोकरमधल्याच एखाद्या बचत गटाचा काळा मसाला ठेवायचा आहे, असे धरू. चित्रकाराला द्यायला फारसे पैसे नाहीत, म्हणून गट चित्र काढणाऱ्या एआयकडे वळतो. आता प्रश्न असा की त्याला सांगायचे काय? या प्रश्नाला आज तीन उत्तरे सर्रास दिली जातात. तिन्ही चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत हे पाहिल्याशिवाय बरोबर उत्तर सापडणार नाही.

पहिला पक्ष म्हणतो, भरपूर विशेषणे द्या. 'अत्यंत सुंदर, प्रीमियम, पारंपरिक, आकर्षक मसाल्याचे पाकीट' एवढे लिहिले की काम झाले. पण 'सुंदर' या शब्दात जागा नाही, रंग नाही, आकार नाही. अशा सूचनेवर यंत्र त्याने सर्वाधिक पाहिलेले पाकीट काढून देते. लाल-सोनेरी पार्श्वभूमी, वाफाळती वाटी, कडेला नक्षी आणि वरून उडणाऱ्या मिरच्या. ते चित्र देखणे असेलही, पण ते कुणाचेही पाकीट असू शकते. शिवाय बहुतेक वेळा ते टेबलावर उभ्या पिशवीचे सावलीसकट छायाचित्र असते. ते छापखान्याच्या उपयोगाचे नाही, कारण तिथे समोरच्या बाजूचा सपाट आयत लागतो.

दुसरा पक्ष म्हणतो, सगळे मसाले दाखवा. वर थोडे केशर, काजू, वेलदोडेही टाका, म्हणजे माल भारी वाटेल. हा पक्ष जास्त धोक्याचा आहे, कारण इथे प्रश्न ग्राहकाशी खरे बोलण्याचा आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे लेबलविषयक नियम २०२० चे आहेत. मिश्र पदार्थात एखादा घटक आहे हे शब्दांनी किंवा चित्राने ठळकपणे दाखवले, तर त्याचे प्रमाण टक्क्यांत सांगावे लागते. केवळ वासाचवीपुरत्या अल्प घटकाला त्यातून सूट आहे. पण मसाल्यात नसलेले केशर दर्शनी बाजूवर काढले, तर ती सरळ दिशाभूल ठरते आणि नियम त्याला मनाई करतो. यंत्राला तुमच्या कढईत काय पडले ते ठाऊक नाही. बंदी घातली नाही, तर ते शोभेसाठी चक्रीफूल किंवा लिंबाची फोडही घालू शकते.

तिसरा पक्ष म्हणतो, नाव, वजन, हिरवा ठिपका सगळे यंत्राकडूनच काढून घ्या. देवनागरी जोडाक्षरे यंत्राच्या चित्रात अजूनही काही वेळा फुटतात, मात्रा सरकतात, आणि एकदा चित्रात मिसळलेले अक्षर नंतर नीट सुधारता येत नाही. ठिपक्याला तर मापच ठरलेले आहे. आपले पाकीट १२ सेंटिमीटर रुंद आणि १८ उंच आहे असे धरू, म्हणजे दर्शनी क्षेत्रफळ २१६ चौरस सेंटिमीटर. या आकाराला ठिपक्याचा व्यास किमान ४ मिलिमीटर आणि भोवतीच्या चौकोनाची बाजू व्यासाच्या दुप्पट हवी. मिलिमीटर मोजून काढणे हे त्या यंत्राचे काम नव्हे. अक्षरे आणि चिन्हे नंतर मांडणी करणाऱ्यानेच बसवायची.

मग प्रॉम्प्ट सुरू कुठून करायचा? माझे म्हणणे असे की तो मसाल्याच्या कागदावरून सुरू करावा. समजा एक किलोचे प्रमाण असे आहे: धने ४०० ग्रॅम, सुकी लाल मिरची २००, सुके खोबरे १५०, तीळ १००, आणि दगडफूल, लवंग, दालचिनी, हळद वगैरे मिळून १५०. यातले काय काढायचे ते हाच कागद ठरवतो. धने, मिरची, खोबरे हे वजनाने पुढे आहेत, म्हणून चित्रातही ते मोठे दिसावेत. चौथे दगडफूल, कारण वजनाने थोडे असले तरी काळ्या मसाल्याचा वास त्याच्यावर उभा आहे. बाकीचे मागच्या यादीत येतीलच.

त्यानंतर रंगाचे पट्टे. प्रत्येक पट्ट्याला काम नेमून द्यावे. वरचा पट्टा नावासाठी, मधला चित्रांसाठी, खालचा वजन आणि चिन्हांसाठी. रंगही मालातूनच घ्यावेत: भाजलेल्या मसाल्याचा काळपट तपकिरी, हळदीचा पिवळा, मिरचीचा लाल. लाल पाकिटांच्या ओळीत वर काळपट तपकिरी असलेले पाकीट वेगळे उठून दिसते. असा प्रॉम्प्ट लिहून पाहू:

```
उभा आयत, प्रमाण २:३. मसाल्याच्या पाकिटाची दर्शनी बाजू, सपाट
छापील चित्र. पिशवी, टेबल, सावली नको.
वरचा ४५ टक्के: एकसंध काळपट तपकिरी, पूर्ण रिकामा.
मधला ४० टक्के: एकसंध गडद पिवळा, त्यावर चार चित्रे, सपाट रंग,
एकसारखी जाड रेघ, कडेपासून दूर:
 सर्वांत मोठा - धन्यांचा ढीग, गोल दाणे, उभ्या शिरा;
 दोन सुक्या लाल मिरच्या, सुरकुतलेल्या, देठासह;
 सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी, बाहेर तपकिरी, आत पांढरी;
 सर्वांत लहान - पातळ, कडेला वळलेले चामड्यासारखे तुकडे,
 वरून राखाडी, खालून काळपट तपकिरी.
खालचा १५ टक्के: एकसंध गडद लाल, पूर्ण रिकामा.
रंग पाचच: तपकिरी, पिवळा, लाल, पांढरा, राखाडी.
अक्षरे, आकडे, चिन्हे, नक्षी, दुसरा मसाला नको.
```

दगडफुलाचे नाव इथे मुद्दाम टाळले आहे. ते लिहिले तर चित्रात एखादा दगड किंवा पाकळ्यांचे फूल उगवू शकते, म्हणून वस्तू दिसते कशी ते सांगितले. 'पूर्ण रिकामा' हे दोनदा आहे, कारण रिकामी जागा दिसली की यंत्र ती भरू पाहते. तरीही नक्षी आली, तर सगळा प्रॉम्प्ट बदलू नये. एका वेळी एकच ओळ बदलावी, म्हणजे कशाने फरक पडला ते समजते.

सपाट रंगांचा आग्रह केवळ आवडीचा नाही. अशा साधनांतून चित्र बऱ्याचदा १०२४ गुणिले १५३६ ठिपक्यांचे मिळते. १२ सेंटिमीटर रुंदीवर ते पसरले की इंचाला सुमारे २१७ ठिपके पडतात, आणि छपाईला साधारण ३०० लागतात. छायाचित्रासारखे चित्र तिथे मऊ पडते. सपाट रंग आणि जाड रेघ असेल, तर मांडणी करणारा तेच चित्र रेषांच्या रूपात पुन्हा आखतो आणि मग ते हवे तेवढे मोठे होते. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, त्यामुळे मोजके रंग म्हणजे मोजका खर्च. कडेची सुमारे एक सेंटिमीटर जागा मात्र पिशवीच्या सीलमध्ये जाते. म्हणून 'कडेपासून दूर' हे शब्द गाळू नयेत.

काही जण विचारतील, एवढे सगळे ठरवायचे तर यंत्र कशाला? ते चित्राचे पर्याय भराभर दाखवते, यासाठी. निवड, अक्षरे आणि मापे माणसाचीच राहतात, आणि तशीच राहावीत. पट्ट्यांचे टक्केही यंत्र काटेकोर पाळत नाही; ते मांडणीत सरळ करावे लागतात.

बचत गटांना आणि त्यांना मदत करणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे. यंत्र उघडण्याआधी मसाल्याचा कागद समोर घ्या, त्यातले चार घटक निवडा, पट्ट्यांची कामे ठरवा, आणि मगच लिहा. आलेले चित्र खऱ्या मापात साध्या कागदावर छापून पाकिटाला चिकटवा, दुकानाच्या फळीवर ठेवा आणि चार पावलांवरून पाहा. तिथून मिरची मिरचीसारखी आणि खोबरे खोबऱ्यासारखे दिसले, तरच ते छपाईला द्या.