ताण मोजा, परतीची हमी मागू नका

कापसाचा हंगाम सुरू झाला की अकोला-अमरावतीकडे भावाचे चार्ट हातोहात फिरू लागतात. चार्टवर मधोमध एक तिरपी रेघ असते आणि तिच्या वर-खाली दोन समांतर रेघा. मधली रेघ म्हणजे गेल्या काही आठवड्यांच्या भावाचा कल. प्रत्येक आठवड्याचा भाव रेघेपासून जितका दूर पडतो त्या अंतराचा वर्ग करायचा, आणि या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल अशी रेघ बसवायची. बाजूच्या रेघा त्या अंतरांच्या प्रमाण विचलनाच्या दुप्पट लांबीवर ओढतात. याला लीनियर रिग्रेशन चॅनेल म्हणतात. आपण पट्टा म्हणू.

पट्टा दाखवणारे दोन गोष्टी ठासून सांगतात. शंभरात पंचाण्णव वेळा भाव पट्ट्यातच राहतो, ही पहिली. बाहेर गेलेला भाव रेघेकडे परत येतोच, ही दुसरी. म्हणून वर टेकला की विका, खाली टेकला की माल धरून ठेवा. माझ्या मते हे दोन्ही दावे खोटे आहेत, आणि तरीही पट्टा टाकून देण्याजोगा नाही.

आधी पंचाण्णवची गोष्ट. हा आकडा घंटेच्या आकाराच्या वितरणाचा आहे, आणि तोही प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीपासून स्वतंत्र असेल तेव्हाचा. बाजारभाव तसा नसतो. आज भाव कलाच्या वर असेल तर उद्याही वरच असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे पट्ट्याबाहेरचे दिवस एकेक करून येत नाहीत, सलग येतात. वितरणाचा आकार माहीत नसेल तर गणित एवढीच खात्री देतं की ज्या नोंदींवरून पट्टा काढला, त्यांतल्या पाव हिश्शाहून जास्त दोन विचलनांच्या बाहेर पडणार नाहीत. पाच टक्के आणि पंचवीस टक्के यांत फार अंतर आहे. शिवाय ही खात्री मागच्या नोंदींपुरती आहे, पुढच्या आठवड्यासाठी नाही.

यापेक्षा मोठी फसगत पट्टा नव्याने काढण्यात आहे. समजण्यासाठी नऊ आठवड्यांचे कल्पित भाव घेऊ, क्विंटलमागे रुपयांत: ७१००, ६९८०, ७१६०, ७१८०, ७१६०, ७२६०, ७३२०, ७२२०, ७४२०. यातून निघणारी रेघ आठवड्याला ४० रुपयांनी चढते आणि विचलन येतं सुमारे ६८ रुपये. दहाव्या आठवड्यासाठी रेघ ७४०० सांगते, प्रत्यक्षात भाव निघतो ७६५०. म्हणजे भाव २५० रुपये, साडेतीन विचलनांहून जास्त, ताणलेला आहे.

आता हाच दहावा भाव हिशेबात धरून रेघ पुन्हा काढा. रेघ त्या भावामागे वर वळते, तिचा चढ आठवड्याला ५४ रुपयांच्या जवळ जातो, विचलन फुगून ९६ होतं आणि ७६५० हा भाव रेघेपासून फक्त १.७ विचलनांवर येतो. भाव जराही हलला नाही, तरी तो पट्ट्याच्या आत आला. बहुतेक चार्ट रोज असेच आपोआप नव्याने काढले जातात. मागचा चार्ट पाहून ‘बघा, भाव नेहमी पट्ट्यातच राहिला’ असं म्हणणाऱ्याला हे दिसत नाही, कारण पट्टाच भावाच्या मागे धावलेला असतो.

राहिली परतीची गोष्ट. तिचं उत्तर वऱ्हाडानेच दिलं आहे. २०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६०२५ होता. भाव सुरुवातीपासूनच त्याच्या वर राहिला आणि एप्रिल-मे २०२२ पर्यंत विदर्भातल्या बाजारांत दहा हजारांच्या पुढे, काही ठिकाणी बारा हजारांच्याही वर गेला. जगभर कापूस महागला होता. १४ एप्रिलपासून केंद्राने आयात शुल्क उठवलं, तरी भाव लगेच खाली आला नाही. वरची रेघ दिसताच सगळा माल विकणाऱ्याच्या हातून पुढचे हजारो रुपये गेले.

पुढच्या हंगामात उलटं झालं. मागच्या भावाच्या आशेने अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला. मागच्या हंगामावरून काढलेल्या रेघेनेही हेच सांगितलं असतं, की भाव खूप खाली ताणला आहे, थांबा. पण जागतिक भाव उतरले होते, सुताची मागणी मंदावली होती आणि मे-जून २०२३ मध्ये भाव सात-साडेसात हजारांच्या घरात आला. भाव रेघेकडे गेला नाही, कारण ती रेघ ज्या परिस्थितीची होती ती परिस्थितीच उरली नव्हती.

यावरून काही जण उलट टोक गाठतात. चार्ट म्हणजे थोतांड, भाव ठरवतात ते व्यापारी आणि सरकार, असं ते म्हणतात. हेही मला मान्य नाही. भाव कोणीही ठरवो, तो नेहमीच्या चढउतारापेक्षा किती दूर गेला हे मोजावंच लागतं. २५० रुपयांची उडी शांत हंगामात मोठी घटना असते, तर २०२२ च्या उन्हाळ्यासारख्या उधाणात तिला काही अर्थ नसतो. हा फरक नुसत्या रुपयांतून दिसत नाही, विचलनाच्या पटीत दिसतो. बाजारातला काटा वजन बरोबर सांगतो, माल विकायचा की नाही ते सांगत नाही. पट्ट्याकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवावी.

ती अपेक्षा पुरी व्हायची तर रेघ आधी गोठवली पाहिजे. मागच्या आठवड्यापर्यंतच्या भावांवर ती काढावी, पुढे वाढवावी आणि नव्या भावाचा ताण तिच्यावरूनच मोजून वहीत लिहावा. नंतर रेघ बदलली तरी लिहिलेला आकडा बदलू नये. शिवाय पुढे वाढवलेली रेघ स्वतःही थोडी अनिश्चित असते. नऊच नोंदींवर ती अनिश्चितता धरली तर वरच्या उदाहरणातला साडेतीनचा ताण तीनच्या आसपास उतरतो. तोही मोठाच आहे, पण आकडा प्रामाणिक झाला.

भावही एकाच प्रतीच्या मालाचा हवा. हंगामाच्या सुरुवातीला कापसात ओल जास्त असते, शेवटी फरदड येते. बाजार समितीचा किमान आणि कमाल दर या फरकाने डोलतो, म्हणून आठवड्याचा सर्वसाधारण दर घ्यावा आणि आवक नगण्य असलेले दिवस वगळावेत. नाहीतर मोजला जातो तो मालातला फरक, आणि आपण त्याला भावाचा ताण समजतो.

मग ताण दोन विचलनांपलीकडे गेला की कारण शोधावं. शुल्क बदललं का, सीसीआयची खरेदी सुरू झाली का, सरकी आणि रुईचे भावही सोबत हलले का? कारण सापडलं नाही आणि आवक नेहमीसारखी असेल, तर वरचा ताण थोडा माल काढायला चांगला मुहूर्त आहे. कारण सापडलं, किंवा चार-पाच आठवडे भाव रेघेच्या एकाच बाजूला राहिला, तर रेघ मोडली असं समजावं आणि नव्या नोंदी जमेपर्यंत तिच्यावर कोणताही निर्णय टाकू नये. खालच्या बाजूला तर हमीभावाची खरेदी आधार देते, त्यामुळे तिथला पट्टा वरच्यासारखा वाचताच येत नाही.

या शिस्तीने वापरलेला पट्टा कापूस उत्पादकाला माल टप्प्याटप्प्याने काढायला मदत करतो, आणि कोणत्या टप्प्यावर भाव खरोखर असाधारण होता याची लेखी नोंद त्याच्या हाती राहते. ‘भाव परत येणारच’ असं जो सांगतो, त्याला एवढंच विचारावं: ही रेघ तुम्ही कधी काढली, भाव येण्याआधी की नंतर?