खिडकी कुणाकडे उघडी?

ऑफिसात थट्टामस्करी कोण करत नाही? चारचौघांत केलेली, घरी येऊन सांगता येणारी थट्टा निरुपद्रवीच. पण घरातली काळजी नवऱ्याआधी सहकाऱ्याच्या कानावर जाऊ लागली, त्याचे मेसेज पुसले जाऊ लागले, की मामला बदलला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शर्ली ग्लास यांनी २००३च्या पुस्तकात हीच खूण सांगितली: तिसऱ्याकडे खिडकी, जोडीदारापुढे भिंत. स्पर्श नसतो, म्हणून माणूस गाफील राहतो.

ओळखीच्या एका जोडप्यानं ठरवलं: एकमेकांचे फोन तपासायचे नाहीत (तो पहाराच झाला!), आपलं भांडण बाहेर न्यायचं नाही आणि कुणाची ओढ वाटली तर आधी घरात बोलायचं. शेवटची अट कठीण. तिनं सांगितलं तेव्हा त्यानं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी विषय त्यानंच काढला.