शेवटच्या पडद्यावरचा भाव

दहा-पंधरा मिनिटांत किराणा घरपोच देणारा नवा व्यापार पणजी-मडगावसारख्या शहरांत आता पुरता रुळला आहे. वेळ वाचतो आणि म्हाताऱ्या माणसांची पायपीट टळते, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा आक्षेप आहे तो भाव सांगण्याच्या रीतीवर.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण नेहमीच्या बिलांहून फारसे वेगळे नाहीत. दुधाची पिशवी 30 रुपये, अंगाचा साबण 45 आणि लिंबे 20, असा 95 रुपयांचा माल गिऱ्हाईक निवडते. पैसे भरण्याच्या पडद्यावर त्याखाली तीन ओळी उगवतात: हाताळणीचे 10, 'लहान खरेदी'चे 20 आणि पोचवण्याचे 25. या 55 रुपयांवर 18 टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे 9 रुपये 90 पैसे. एकूण 159 रुपये 90 पैसे. साबणावरच्या सवलतीची लाल चिठ्ठी पाहून जो हरखला, त्याची सवलत पहिल्याच ओळीत विरली.

हे आकार वस्तूच्या भावातच का मिसळले जात नाहीत? एक कारण उघड आहे. वेष्टनबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि तिच्यापेक्षा जास्त घेण्यास कायद्याची मनाई आहे. साबणाचे 45 चे 50 करता येत नाहीत. 'सेवे'चे दहा मात्र वेगळे लावता येतात. दुसरे कारण त्याहून प्रामाणिक आहे. गोदामात माल वेचून पिशवी भरणारा कामगार आणि ती घेऊन दुचाकीवरून धावणारा मुलगा यांचा खर्च 95 रुपयांच्या खरेदीला जवळपास तेवढाच पडतो, जेवढा 500 च्या खरेदीला. तो खर्च कोणी तरी सोसला पाहिजे, हे आम्हांस मान्य आहे. वाण्याच्या दुकानातही तो असतोच. फक्त तो मालाच्या नफ्यातून निघतो, आणि शिवाय पिशवी आपणच घरी नेतो.

'लहान खरेदी'चा आकार मात्र आणखी एक काम करतो. समजा, 199 रुपयांच्या मालावर पोच व लहान खरेदी हे दोन्ही आकार माफ आहेत. मग 199 चा माल, हाताळणीचे 10 आणि त्यावरील कर 1 रुपया 80 पैसे मिळून 210 रुपये 80 पैसे होतात. म्हणजे आणखी 104 रुपयांचा माल केवळ 50 रुपये 90 पैसे जादा देऊन पदरात पडतो. ज्याला तो माल उद्या लागणारच आहे, त्याने तो अवश्य घ्यावा. ज्याला नको, त्याने मात्र 'वाचवण्या'च्या नावाखाली 51 रुपये खर्च केलेले असतात. एकट्या राहणाऱ्या पेन्शनरास एका पिशवीपलीकडे दूध लागत नाही आणि रोजच्या मजुरीवर जगणाऱ्यास एका वेळी 199 रुपये काढणे जड जाते. दंड बसतो तो नेमका या दोघांना.

कायदा या बाबतीत मुका नाही. 2020 च्या ई-व्यापार नियमांनी एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, हाताळणी व पोच यांच्या आकारांसह, दाखवणे बंधनकारक केले. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले; किंमत थेंबाथेंबाने उघड करणे हा त्यांतलाच एक. जून 2025 मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करण्याची सूचनाही झाली. पण त्याच मार्गदर्शक तत्त्वांत, खरेदीच्या वेळी जाहीर केलेले आवश्यक शुल्क टोपलीत गुपचूप सरकवलेली वस्तू मानू नये, असेही म्हटले आहे. कंपन्या याच वाक्याच्या आडोशाला उभ्या राहतात: पैसे भरण्यापूर्वी सर्व दाखवले, मग फसवणूक कुठली?

आमच्या मते 'पूर्वी' या शब्दाचा अर्थ शेवटचा पडदा असा होता कामा नये. गिऱ्हाइकाचा पत्ता यंत्राला आरंभीच ठाऊक असतो. टोपलीतील मालाची बेरीजही ते क्षणोक्षणी करते. मग पहिली वस्तू टोपलीत पडताच सर्व आकारांसह एकूण रक्कम पडद्याच्या तळाशी का दिसू नये? 'आणखी 104 चे घ्या' हे सांगण्याची तत्परता ज्या यंत्रात आहे, त्याला हे अवघड नाही. प्राधिकरणाने हा एक नियम स्पष्ट शब्दांत घालावा.

तोवर वाचकांनी वस्तूंचे भाव ताडून पाहू नयेत, शेवटचे आकडे ताडून पाहावेत. आणि स्वेच्छेची बक्षिसी वा देणगी आधीच जोडलेली तर नाही ना, हेही पाहावे. शेवटच्या पडद्यापूर्वी न दिसलेला आकार नंतर कापला गेला, तर बिलाचे चित्र जपून 1915 या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. रक्कम दहा रुपयांची असली तरी ती नोंदवावी.