नाव कमावणाऱ्याचे

पुण्याच्या कॅम्पातल्या ‘बर्गर किंग’ला सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2025 रोजी दिलासा दिला, उच्च न्यायालयाच्या मनाई हुकुमाला स्थगिती मिळाली आणि लगोलग व्यापाऱ्यांना उपदेश सुरू झाले. नोंदणी करा, नाहीतर नाव गेलेच म्हणून समजा! नोंदणी करावीच. पण नोंदणी नाही म्हणजे हक्कच नाही, ही जी समजूत यानिमित्ताने पसरवली जात आहे, ती साफ चुकीची आहे आणि तिचा फायदा फक्त नक्कल करणाऱ्यांना होतो. पुण्याचा खटला गुंतागुंतीचा आहे. भारतातली आपली नोंदणी जुनी असल्याचे त्याच नावाची अमेरिकी कंपनी सांगते, तर ती 2014 मध्ये भारतात दुकान उघडण्याच्या कितीतरी आधीपासून पुणेकर कॅम्पात बर्गर खात होते. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण ज्याने नाव आधी वापरले आणि बाजारात रुजवले, त्याला कायदा वाऱ्यावर सोडत नाही, हे त्या निकालाआधीही ठणकावून सांगता येते.

व्यापारचिन्ह कायद्याचे कलम 27 वाचावे. नोंदणी नसलेल्या चिन्हाच्या उल्लंघनाचा दावा करता येत नाही, असे ते आधी सांगते आणि पुढच्याच पोटकलमात ‘पासिंग ऑफ’चा हक्क शाबूत ठेवते. म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याला कोर्टात खेचण्याचा हक्क. तिथे प्रमाणपत्र कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढेच: या नावाला गिऱ्हाइकांत पत आहे का, समोरच्याच्या नावामुळे गिऱ्हाईक फसण्याचा संभव आहे का आणि त्यातून मूळ धंद्याचे नुकसान होते का.

अहमदाबादच्या ‘मुक्तजीवन’ कलर लॅबचे प्रकरण प्रत्येक दुकानदाराने माहीत करून घ्यावे. 1982 पासून त्या नावाने फोटो धुऊन देणारा हा धंदा. त्याच शहरात वेगळ्या नावाने लॅब चालवणाऱ्यांनी पुढे ‘मुक्तजीवन’ हेच नाव घ्यायचे ठरवले. मूळ मालक कोर्टात गेला आणि हात हलवत परत आला. दोन दुकानांत चार-पाच किलोमीटरचे अंतर आहे आणि नव्या नावाने धंदा सुरूही झाला आहे, असल्या कारणांनी अंतरिम मनाई नाकारली गेली. उच्च न्यायालयानेही दार लावले. शहरातले गिऱ्हाईक दुकानाचे अंतर मोजून फसते काय? डिसेंबर 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते हुकूम रद्द करून मनाई दिली. नाव निरागसपणे घेतले असले, तरी गोंधळाचा संभव असेल तर ते वापरता येणार नाही, हेही बजावले. फसवण्याचा हेतू सिद्ध करायची सक्ती नाही, हा त्या निकालाचा गाभा. चोराच्या मनात काय होते हे लुटल्या गेलेल्याने शोधत बसायचे नाही.

मात्र पत सिद्ध करावी लागते आणि ती इथल्या बाजारातली असावी लागते. त्यात थोरामोठ्यांनाही सूट नाही. ‘प्रियस’ या नावावर हक्क सांगणाऱ्या टोयोटाला भारतातली 2001 सालची आपली पत दाखवता आली नाही, म्हणून ती 2017 मध्ये हरली. तेव्हा जुनी बिलबुके रद्दीत घालू नयेत. सालवार विक्रीचे आकडे, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, जुने खोके आणि लेबले, दुसऱ्याचा खराब माल घेऊन आपल्याकडे भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाची लेखी तक्रार, यांवर हे खटले उभे राहतात. आणि नक्कल दिसताच हालचाल हवी. वर्षानुवर्षे सारे बघत गप्प बसलेल्याला मनाई मिळणे अवघड होते.

आमचा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. नोंदणीधारकाला कलम 134 आपल्या गावच्या कोर्टात दावा लावू देते. पासिंग ऑफवाल्याला ही सवलत नाही. समजा, नाशिकच्या चिवडेवाल्याचे नाव नागपुरात कोणी चोरले आणि तो माल फक्त तिथेच विकला, तर खेटे घालायचे नाशिककराने. वकील तिथला, तारखा तिथल्या, दुकान मात्र इथे बंद. कोर्टाचे अंतर पाहूनच अनेकजण नाव सोडून देतात आणि नक्कल करणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. ज्याच्याकडे कागद आणि पैसा आहे त्याला घरचे कोर्ट, आणि ज्याने उन्हातान्हात दुकान लावून नाव कमावले त्याला परगावची पायपीट, हा कुठला न्याय? कलम 134 च्या दुसऱ्या पोटकलमात पासिंग ऑफच्या दाव्यांचा समावेश करणारी दुरुस्ती संसदेने येत्या अधिवेशनातच करावी.