मुलाचे दुकान आणि आईचा हक्क

कर्नाटक सरकारने २०२३ साली सुरू केलेल्या गृहलक्ष्मी योजनेचा आदेश कानडीत आहे. म्हणून त्याचा अर्थ लावण्याचे काम खिडकीमागच्या कारकुनावर सोपवून आपण हात जोडून उभे राहावे काय? आम्ही म्हणतो, मुळीच नाही.

शहापुरातील एखादे घर घ्या. विधवा आई, कापडाचे दुकान चालविणारा मुलगा आणि सून. शिधापत्रिका एकच व तिच्यावर कुटुंबप्रमुख आई. आई कोणताही कर भरीत नाही. मुलगा मात्र जीएसटीचे विवरणपत्र भरतो. एवढे ऐकताच ‘घरात व्यापार आहे, तुम्ही अपात्र!’ असा निवाडा देणारे महाभाग भेटतात. नियम तसे म्हणत नाही. शिधापत्रिकेवर जी स्त्री कुटुंबप्रमुख असेल तिला दरमहा २,००० रुपये मिळावयाचे. ती स्वतः किंवा तिचा पती आयकर भरीत असेल अथवा जीएसटीचे विवरणपत्र देत असेल, तर ती अपात्र. नियमात पती आहे, मुलगा नाही. ही माउली पात्रच ठरते.

प्रमुख म्हणून सुनेचे नाव लावा, असा शहाजोग सल्ला कोणी देईल. तो मानू नये. सुनेचा पती म्हणजे तोच दुकानदार. नाव बदलताच घराचा हक्क बुडाला!

तेव्हा तोंडी नकार घेऊन कोणीही परतू नये. कोणत्या अटीने नाकारता, ते लेखी मागावे. आदेशात नसलेली अट जिभेवर सहज येते. सहीनिशी कागदावर उतरविताना हात अडखळतो.