वाचलेल्या तासाचे मोल

मुंबईहून दिल्लीला लग्नासाठी निघालेल्या चौघांच्या कुटुंबात हमखास एक वाद रंगतो. एकाचे म्हणणे, राजधानीने जावे, पैसे वाचतील. दुसऱ्याचे म्हणणे, विमानाने जावे, वेळ वाचेल. दोघांचेही खरे असते. तथापि रुपये आणि तास ही दोन निराळी मापे असल्याने, तासांना रुपयांत मांडल्याखेरीज हा वाद मिटत नाही.

अर्थशास्त्राने या प्रश्नाचा गांभीर्याने विचार केलेला आहे. गॅरी बेकर यांनी १९६५ साली लिहिलेल्या निबंधात असे मांडले की कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी मोजलेले पैसे अधिक तिच्यापायी खर्ची पडलेला वेळ. प्रवासाला हा विचार लावायचा तर पद्धत सोपी आहे. दोन पर्यायांच्या खर्चातील फरकाला वाचणाऱ्या तासांनी भागावे. येणारा आकडा म्हणजे एक तास विकत घेण्याचा भाव. तो आपल्या तासाच्या मोलापेक्षा कमी असेल तर महाग तिकीट परवडते, जास्त असेल तर नाही.

उदाहरणादाखल दादरला राहणारे चौघे घेऊ. राजधानीचे तिकीट माणशी ३,००० रुपये आणि दोन्ही टोकांची टॅक्सी ६०० रुपये धरली, तर एकूण १२,६०० रुपये होतात. विमानाचे तिकीट माणशी ५,९०० रुपये आणि टॅक्सीचे १,६०० रुपये धरले, तर २५,२०० रुपये होतात. फरक १२,६०० रुपयांचा, म्हणजे माणशी ३,१५० रुपये.

आता तास. वेळापत्रक पाहिले तर गाडीला साडेपंधरा तास लागतात आणि विमानाला सव्वादोन. सव्वातेरा तास वाचले, असे वाटते. इथेच पहिली गफलत होते. तास मोजायचे ते घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामाच्या उंबरठ्यापर्यंत. सायंकाळी पाचच्या गाडीसाठी घर चार वाजता सुटते आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला मुक्काम गाठता येतो. हे साडेसतरा तास झाले. विमानासाठी एक तास विमानतळाचा रस्ता, दोन तास आधी पोहोचणे, सव्वादोन तास उड्डाण, पाऊण तास सामान आणि एक तास दिल्लीतील रस्ता, असे सात तास जातात. म्हणजे खरी बचत साडेदहा तासांची. ३,१५० रुपयांना साडेदहाने भागले की तासाचा भाव येतो ३०० रुपये.

दुसरी गफलत याहून सूक्ष्म आहे. गाडीतील साडेसतरा तासांपैकी सात तास झोपेचे असतात आणि ती झोप घरीही घ्यावीच लागली असती. हे तास वजा केले की जागेपणीचे साडेदहा तास उरतात, आणि दिवसाच्या विमानाच्या तुलनेत बचत केवळ साडेतीन तासांची ठरते. भाव थेट ९०० रुपयांवर जातो. ज्याला डब्यात झोपच लागत नाही त्याने मात्र ही वजावट करू नये. तसेच पहाटेच्या विमानासाठी मोडलेली झोप विमानाच्या खात्यात खर्च म्हणून लिहावी.

आता आपल्या तासाचे मोल. कमावत्या व्यक्तीला महिना ६०,००० रुपये हाती येत असतील आणि काम २०० तासांचे असेल, तर कामाचा तास ३०० रुपयांचा झाला. पण लग्नाला जाताना वाचलेल्या तासाचा पगार कोणी देत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या वाहतूक खात्याने आपल्या प्रकल्पांच्या हिशेबासाठी शहराशहरांमधील खासगी प्रवासाचा तास उत्पन्नाच्या सत्तर टक्के धरण्याची रीत ठेवली. कामाच्या प्रवासाला मात्र पूर्ण वेतन धरले. सत्तर टक्क्यांनी हा तास २१० रुपयांचा होतो. ९०० तर सोडाच, ३०० रुपयांचा भावही त्याला परवडत नाही. शिवाय मुलांच्या तासांनाही हाच दर लावणे धाडसाचे ठरेल. या कुटुंबाने राजधानीने जावे.

हाच हिशेब दुकानदाराच्या बाबतीत उलटू शकतो. एकट्याने जायचे असून गाडीमुळे दुकान एक दिवस जास्त बंद राहणार असेल आणि त्या दिवशीचा नफा ४,००० रुपये बुडणार असेल, तर ३,९०० रुपयांचा फरक सोसून विमान घेणे शहाणपणाचे. त्याच्या तासाचे मोल महिन्याच्या सरासरीवरून नव्हे, तर प्रत्यक्ष बुडणाऱ्या नफ्यावरून ठरते. दुकान रविवारी बंदच असेल, तर त्या दिवसाचे बुडीत शून्य.

सर्वच तास सारखे नसतात, हेही ध्यानात घ्यावे. स्थानकावर ताटकळलेला तास खिडकीशी बसून वाचन करण्यात गेलेल्या तासापेक्षा जड असतो. त्यामुळे मध्येच चार तास थांबा असलेले स्वस्त विमान दिसते तितके स्वस्त नसते. गुडघे दुखणाऱ्या आजोबांसाठी वरच्या बर्थवरील रात्र वेगळ्याच मोलाची. तसेच डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने गाड्या आणि विमाने दोन्ही रखडतात. मुहूर्त गाठायचा असेल, तर कोणत्याही साधनाने एक दिवस आधी पोहोचणेच बरे, आणि तसे ठरले की वाचलेल्या तासांचे मोलही बरेच उतरते.

तिकीट काढण्यापूर्वी कागदावर तीन आकडे लिहावेत: खर्चातील फरक, उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत वाचणारे जागेपणीचे तास, आणि त्या तासांत प्रत्यक्ष काय करणार. तिसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखे काही सुचले नाही, तर स्वस्त तिकीटच काढावे.